पीएम विश्वकर्मा: पात्रतेच्या एका परिच्छेदाचे आठ प्रश्न

८ जानेवारी २०२४, कळवा

आजपासून पात्रतेच्या कार्डाचं काम सुरू. कार्ड मदतकक्षाच्या टेबलावर वापरायचं आहे. समोर शिंपी, परीट, नाभिक, गवंडी, चांभार असा कुणीही बसलेला असेल आणि त्याला नोंदणीसाठी सीएससी केंद्रात पाठवायचं की नाही, हे चार मिनिटांत ठरलं पाहिजे. कार्ड ए-५ आकाराचं, पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला व्यवसायांची यादी.

पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्राची ही पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांमधला पात्रतेचा मजकूर साध्या मराठीत असा होतो: हातांनी आणि अवजारांनी काम करणारा, असंघटित क्षेत्रात स्वयंरोजगारावर असलेला, ठरवून दिलेल्या १८ पारंपरिक व्यवसायांपैकी एकात असलेला कारागीर पात्र. नोंदणीच्या दिवशी वय किमान १८ हवं आणि त्या दिवशी तो व्यवसाय चालू हवा. केंद्राच्या किंवा राज्याच्या अशाच प्रकारच्या कर्ज योजनांतून, उदाहरणार्थ पीएमईजीपी, पीएम स्वनिधी, मुद्रा, गेल्या ५ वर्षांत स्वयंरोजगारासाठी किंवा धंदा वाढवण्यासाठी कर्ज घेतलेलं नसावं. मात्र मुद्रा आणि स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलेले पात्र राहतील. ही ५ वर्षं कर्ज मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजायची. नोंदणी आणि लाभ कुटुंबातल्या एकालाच; कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. सरकारी सेवेतली व्यक्ती आणि तिचे कुटुंबीय अपात्र.

परिच्छेद छोटा दिसतो. पहिल्या वाचनात पाच प्रश्न पुरतील असं वाटलं होतं. ते पुरणार नाहीत, हे कर्जाच्या वाक्यावरून लगेच दिसतं.

१० जानेवारी

मजकूर मोठ्या अक्षरात छापून तीन रंगांच्या पेन्सिलींनी वाचला. लाल म्हणजे ‘कोणाबद्दल’, निळा म्हणजे ‘कोणत्या दिवशी’, हिरवा म्हणजे ‘अपवाद’. प्रश्न लिहायच्या आधी हे करावंच, कारण परिच्छेदातला कर्ता गुपचूप बदलत असतो आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

इथे तो तीनदा बदलतो. वय, व्यवसाय आणि कर्ज या अटी फक्त अर्जदारापुरत्या आहेत. सरकारी नोकरीची अट अर्जदार आणि त्याचं कुटुंब, दोघांनाही लागू आहे. ‘एकालाच लाभ’ ही अट कुटुंबातल्या बाकीच्यांबद्दल आहे. म्हणून ‘घरात कुणी कर्ज घेतलंय का?’ असा प्रश्न कार्डावर आला तर तो चुकीचा ठरेल. बायकोच्या नावावर स्वनिधीचं कर्ज चालू असलं, तरी नवरा त्या कारणाने अपात्र होत नाही. टेबलावर मात्र हाच प्रश्न सर्वांत आधी तोंडात येतो.

निळ्या रंगातही गंमत आहे. वय आणि व्यवसाय नोंदणीच्या दिवशी बघायचे आणि कर्ज मागे ५ वर्षं जाऊन बघायचं. ‘पूर्वी शिवणकाम करायचो, आता रिक्षा चालवतो’ असं सांगणारा बसत नाही, मग त्याने वीस वर्षं मशीन चालवलेली का असेना.

१२ जानेवारी

परिच्छेदात नसलेल्या अटी बाजूला काढल्या. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून हात बसलेल्यांना वार्षिक उत्पन्न २१,००० आणि १५ वर्षांचा रहिवास विचारायची सवय लागलेली असते. या मजकुरात उत्पन्नाची मर्यादा नाही, वयाची वरची मर्यादा नाही, जातीची अटही नाही. सगळ्यात त्रास जातीच्या प्रश्नाचा होईल, कारण योजनेचं नाव ऐकून लोक स्वतःच ‘आम्ही त्यातले नाही’ म्हणून उठून जातात. या तिन्हींवर एकही प्रश्न टाकायचा नाही. कार्डाच्या तळाशी एकच ओळ टाकायची: ‘जात, उत्पन्न, शिक्षण विचारू नये.’

१६ जानेवारी, दिवाळे

व्यवसायाच्या प्रश्नासाठी यादीतले १८ व्यवसाय मराठीत उतरवले. सुतार, होडी बांधणारे, शस्त्र घडवणारे, लोहार, हातोडे व अवजारं बनवणारे, कुलूपवाले, सोनार, कुंभार, मूर्तिकार व दगडकाम करणारे, चर्मकार, गवंडी, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणारे, नाभिक, हार बनवणारे, परीट, शिंपी, मासेमारीची जाळी विणणारे.

दिवाळ्यात जाळ्यांचा विषय काढला की प्रत्येक जण ‘मी बसतो’ म्हणतो. पण यादीत मासेमारी नाही, जाळी विणणं आहे. होडीवर जाणारा, मासळी विकणारी, बर्फाची गाडी चालवणारा, यांपैकी कुणीच त्या शब्दात येत नाही. स्वतः जाळी विणून किंवा दुरुस्त करून पैसे घेणारा येतो. हाराचंही तसंच. ठाणे स्टेशनबाहेर फुलं तोलून विकणारा आणि बसून हार ओवणारी, यांत दुसरीच यादीत आहे. म्हणून यादीत व्यवसायाचं नाव नामाने लिहिण्याऐवजी क्रियापदाने लिहायचं ठरलं. ‘कोळी’ नको, ‘मासेमारीची जाळी विणतो’ हवं. ‘फूलवाला’ नको, ‘हार, गजरे ओवतो’ हवं. नामाने लोक स्वतःची जात किंवा धंद्याची जागा सांगतात आणि क्रियापदाने हातातलं काम सांगतात, आणि आपल्याला विचारायचं आहे ते हातातल्या कामाबद्दल.

स्वयंरोजगाराचा शब्द कार्डावर चालणार नाही. ‘तुम्ही स्वयंरोजगार करता का?’ याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी: ‘कामाचे पैसे गिऱ्हाईक थेट तुम्हाला देतं का?’ कारखान्यात पगारावर शिवणारा इथे ‘नाही’ म्हणतो आणि त्याचा निकाल लागतो. सलूनमध्ये निम्म्या वाट्यावर काम करणारा अडकतो. पैसे मालकाच्या गल्ल्यात जातात, पण पगार नाही. मजकूर यावर काही बोलत नाही, तर कार्डानेही बोलू नये. तिथे ‘विचारा’ असा तिसरा रस्ता ठेवला.

१९ जानेवारी

आज अर्धा दिवस फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ यांवर गेला.

पहिल्या मसुद्यात सगळे प्रश्न असे केले होते की ‘हो’ आलं की पुढे जायचं. आठ वेळा हो म्हणजे पात्र, दिसायला फार देखणं. त्यासाठी नकारार्थी अटींचे प्रश्नही नकारार्थी करावे लागले: ‘कुटुंबात कुणी सरकारी नोकरीत नाही ना?’ आता मराठीत या प्रश्नाला ‘नाही, कुणी नाही’ हे उत्तर जितकं स्वाभाविक, तितकंच ‘हो, कुणी नाही’ हेही. अर्थ एकच, पण कार्डावर एकाची खूण इकडे होते आणि दुसऱ्याची तिकडे. तोंडी विचारणारा सावरून घेईल. पण कार्ड हातात देऊन ‘तुम्हीच खुणा करा’ म्हटलं की घोळ होणारच.

म्हणून ‘नाही ना’ असलेले सगळे प्रश्न मोडले. प्रत्येक प्रश्न होकारार्थी: ‘नोकरीत आहे का?’, ‘मंजूर झालं का?’ आता काही ठिकाणी ‘हो’वर थांबायचं आहे आणि काही ठिकाणी ‘नाही’वर. देखणेपणा गेला. त्याची भरपाई छपाईत केली. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकटी, ज्या उत्तराने थांबायचं तिची कड जाड काळी. जाड चौकटीत खूण पडली की पुढचा प्रश्न वाचायचाच नाही.

‘किंवा’ असलेले प्रश्नही शोधले. ‘तुम्ही किंवा तुमच्या पतीने’ हे चालतं, कारण दोघांपैकी कुणाचंही उत्तर हो असलं तरी परिणाम एकच. ‘कर्ज घेतलंय किंवा फेडलंय का?’ हे चालत नाही, कारण परिणाम दोन. एका प्रश्नातल्या दोन गोष्टींचा निकाल वेगवेगळा लागत असेल तर प्रश्न फोडायचा, एरवी एकत्र ठेवायचा. सगळे ‘किंवा’ फोडत बसलं असतं तर कार्ड चौदा प्रश्नांचं झालं असतं.

२३ जानेवारी

कुटुंब. मराठीत ‘घरातलं कुणी’ म्हटलं की दीर, जाऊ, सासू, गावाहून शिकायला आलेला भाचा, सगळे मोजले जातात. रेशनकार्डही कागदपत्र म्हणून लागतं, त्यामुळे कार्डावरची नावं वाचून कुटुंब ठरवण्याचा मोह होतो. योजनेची व्याख्या त्याहून लहान आहे.

व्याख्या प्रश्नात घुसवली तर प्रश्न चार ओळींचा होतो. ती प्रश्न ४ च्या आधी वेगळ्या चौकटीत टाकली: ‘लग्न झालेल्यांचं कुटुंब: स्वतः, पती किंवा पत्नी, अविवाहित मुलं. अविवाहितांचं कुटुंब: स्वतः, आई-वडील, अविवाहित भावंडं.’ दुसरी ओळ मूळ मजकुरात शब्दशः नाही. पण अविवाहित मुलगा आई-वडिलांच्या कुटुंबात मोजला जातो, तर त्याच्या बाजूने बघताना तीच माणसं येतात. ही ओळ नसेल तर वडील सरकारी कचेरीत असलेला पंचविशीतला अविवाहित शिंपी ‘मला बायको-मुलं नाहीत’ म्हणून सरळ पुढे जातो. तोच उद्या लग्न करून बसला की वडिलांची नोकरी त्याला आड येत नाही.

‘सरकारी सेवा’ यात महापालिकेचा कंत्राटी सफाई कामगार येतो का, हे परिच्छेद सांगत नाही. तिथेही ‘विचारा’. निवृत्तांचा उल्लेख नाही, म्हणून प्रश्न वर्तमानकाळात ठेवला: ‘आज सरकारी नोकरीत आहे का?’

३० जानेवारी

कर्जाचं वाक्य. या परिच्छेदातली सगळी कसोटी इथेच आहे.

पहिला मसुदा एका प्रश्नाचा होता: ‘गेल्या ५ वर्षांत घेतलेलं सरकारी योजनेचं कर्ज अजून बाकी आहे का?’ ऐकायला बरोबर वाटतो, पण दोन ठिकाणी चुकतो. एक, पीएमईजीपीचं कर्ज घेऊन पूर्ण फेडलेला माणूस ‘नाही’ म्हणून पुढे जातो. अपवाद मात्र फक्त मुद्रा आणि स्वनिधीसाठी आहे. पीएमईजीपी फेडलं तरी मंजुरीपासून ५ वर्षं उलटेपर्यंत थांबावं लागतं. दोन, ‘उदाहरणार्थ’ या शब्दाकडे दुर्लक्ष होतं. तीन नावं ही पूर्ण यादी नाही. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम त्याच प्रकारचा आहे. तोही अटीत येतो, आणि त्याला फेडल्याचा अपवादही मिळत नाही.

म्हणजे प्रश्न तीन हवेत, आणि त्यांचा क्रम बदलून चालणार नाही. आधी वेळ: ५ वर्षांच्या आत काही मंजूर झालं का? मग प्रकार: मंजूर झालेलं प्रत्येक कर्ज मुद्रा किंवा स्वनिधीचंच आहे का? मग फेड: ती सगळी पूर्ण फिटली का?

फेडीचा प्रश्न आधी विचारला तर काय होतं, ते एका प्रकरणावर चालवून पाहिलं. कळव्याचा शिंपी, मुद्राचं कर्ज ऑक्टोबर २०१८ मध्ये मंजूर, मध्ये हप्ते थकले, अजून थोडं बाकी. फेड आधी विचारली तर तो ‘बाकी आहे’ म्हणतो आणि जाड चौकटीत अडकतो. वेळ आधी विचारली तर ३० जानेवारी २०२४ पासून ५ वर्षं मागे म्हणजे ३० जानेवारी २०१९. त्याची मंजुरी त्याआधीची. उत्तर ‘नाही’, तो या अटीतून सुटला आणि पुढचे दोन प्रश्न त्याला विचारायचेच नाहीत. थकबाकी असल्यामुळे बँक नवं कर्ज देताना हात आखडता घेईल, ही गोष्ट वेगळी. प्रमाणपत्र, प्रशिक्षण आणि अवजारांचं १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर यांसाठीची नोंदणी त्याला करता येते.

स्वनिधीबाबत एक सोय आहे. ती योजनाच जून २०२० मध्ये आली. त्यामुळे आज स्वनिधीचं कुठलंही कर्ज ५ वर्षांच्या आतलंच असणार. फेरीवाल्याला मंजुरीची तारीख विचारून शोधाशोध करायला लावू नये, थेट फेड विचारावी. २०२५ च्या मध्यानंतर मात्र ही सवय मोडावी लागेल, म्हणून ती कार्डावर छापली नाही, फक्त टेबलावरच्यांना तोंडी सांगायची.

लोक योजनेचं नाव सांगत नाहीत. ‘फेरीवाल्यांचं दहा हजारांचं’ म्हणजे स्वनिधी, एवढं कळतं. मुद्रा मात्र ‘बँकेचं लोन’ म्हणून सांगितलं जातं आणि ५०,००० पर्यंतचं ‘शिशु’ असेल तर अनेकांना आपण मुद्रा घेतलं हेच ठाऊक नसतं. उलट घरकर्ज, सोनेतारण आणि पतपेढीचं खासगी कर्ज लोक घाबरून सांगतात, त्यांचा इथे संबंध नाही. प्रश्न ६ खाली बारीक अक्षरात ‘घरकर्ज, सोनेतारण मोजू नका’ एवढंच टाकलं.

२ फेब्रुवारी

मंजुरीची तारीख आणि पैसे हातात आल्याची तारीख या दोन वेगळ्या आहेत. पासबुकात दुसरीच दिसते आणि ती नेहमी नंतरची असते. १८ जानेवारी २०१९ ला मंजूर झालेलं कर्ज ६ फेब्रुवारीला खात्यात आलं असेल, तर पासबुक बघणारा आज त्या माणसाला चुकून थांबवेल. म्हणून नियम असा: पासबुकातली तारीखही ५ वर्षांपलीकडची असेल तर मंजुरीपत्र मागू नका, ती आतली असेल आणि सीमेपासून दोन-तीन महिन्यांच्या अंतरात असेल तर मागा. दोन्ही तारखा तंतोतंत सीमेवर आल्या तर ‘विचारा’.

फेडीचा पुरावा म्हणून ‘शेवटचा हप्ता भरला’ हे बोलणं धरू नये. शेवटच्या हप्त्यानंतर थोडं व्याज राहिलं की खातं उघडंच राहतं. बँकेकडून कर्ज बंद झाल्याचा दाखला हवा.

६ फेब्रुवारी

कार्डाचा मजकूर पक्का. कार्डाच्या वर त्या दिवसापासून ५ वर्षं मागची तारीख लिहायची, खाली प्रश्न:

१. आज तुमचं वय १८ पूर्ण आहे का? नाही: थांबा.
२. मागच्या यादीतलं एखादं काम तुम्ही सध्या स्वतःच्या हातांनी, अवजारांनी करता का? नाही: थांबा.
३. कामाचे पैसे गिऱ्हाईक थेट तुम्हाला देतं का? पगार असेल तर थांबा, वाटा असेल तर विचारा.
४. कुटुंबात तुमच्यासह कुणी आज सरकारी नोकरीत आहे का? हो: थांबा. कंत्राटी: विचारा.
५. कुटुंबात दुसऱ्या कुणाची या योजनेत नोंदणी झाली आहे का? हो: थांबा.
६. वर लिहिलेल्या तारखेनंतर, धंद्यासाठी, सरकारी योजनेतून तुमच्या नावावर कर्ज मंजूर झालं का? नाही: नोंदणीला पाठवा.
७. त्यातलं प्रत्येक कर्ज मुद्रा किंवा स्वनिधीचंच आहे का? नाही: थांबा, मंजुरीची तारीख लिहून द्या.
८. ती सगळी पूर्ण फिटली आहेत का? हो: नोंदणीला पाठवा. नाही: थांबा, फिटल्यावर या.

‘विचारा’ सोडून या कार्डातून बाहेर पडायचे रस्ते नऊ: पहिल्या पाचांत प्रत्येकी एक, सहाव्यात एक, सातव्यात एक, आठव्यात दोन. तेवढीच नऊ काल्पनिक माणसं कागदावर तयार केली, प्रत्येकाचा निकाल मूळ परिच्छेदावरून आधी काढला आणि मग ती कार्डावरून चालवली. आठ जुळली. नववी अडकली: मुद्रा फेडलेली आणि स्वनिधी चालू असलेली हार ओवणारी. आठव्या प्रश्नात तोवर ‘ते कर्ज फिटलं का’ असं एकवचन होतं, ती मोठ्या कर्जाचा विचार करून ‘हो’ म्हणाली असती. ‘ती सगळी’ हा बदल तिच्यामुळे.

१३ फेब्रुवारी

कार्ड हाती देऊन तीन जणांकडून मोठ्याने वाचून घेतलं. ‘अविवाहित’ला अडखळले नाहीत, ‘मंजूर’ला अडखळले. ‘पास झालं’ असं लोक म्हणतात, पण कागदावर ‘मंजूर’ लिहिलेलं असतं आणि कागद शोधताना तोच शब्द ओळखीचा हवा. शब्द ठेवला. ‘अवजारांनी’पाशी एका परटाने इस्त्री अवजार का, असं विचारलं. यादीत त्याच्या ओळीत ‘कपडे धुतो, इस्त्री करतो’ असं वाढवलं.

पाचव्या प्रश्नाला एका नवरा-बायकोने एकाच वेळी ‘नाही’ म्हटलं आणि दोघंही नोंदणीला निघाले. दोघांचं उत्तर त्या क्षणी खरंच होतं. कार्ड प्रत्येकाला वेगळं तपासतं, जोडीला नाही. टेबलावर सूचना: एका कुटुंबातले दोघे आले तर एकच कार्ड द्या आणि कोणाच्या नावाने जायचं ते त्यांना ठरवू द्या.

२९ फेब्रुवारी

‘वर लिहिलेली तारीख’ रोज सकाळी कुणीतरी बोटांवर मोजत होतं आणि वर्ष वजा करताना एकदा २०१८ लिहिलं गेलं. दिवसभराची कार्डं पुन्हा बघावी लागली. आता ती छापायच्या स्प्रेडशीटमध्येच, तारखेचं स्वरूप दिलेल्या चौकटीत येते:

```
=EDATE(TODAY(),-60)
```

आजच्या तारखेला याचं उत्तर २८ फेब्रुवारी २०१९ येतं, कारण २०१९ मध्ये २९ नव्हती. एका दिवसाचा फरक सीमेवरच्या माणसाला लागू शकतो, पण सीमेवर ‘विचारा’ आहेच. कालची उरलेली कार्डं आज वापरायची नाहीत, तारखेवर रेघ मारून रद्दीत टाकायची. पहिला गठ्ठा ५० चा, रोज सकाळी तेवढाच छापायचा.